प्रोटीन शेकमधल्या गुठळ्या: आधी काय ओतायचं आणि ते किती गार असावं

शेकमध्ये तरंगणारी एखादी गुठळी चमच्याने काढून बशीत ठेवा आणि बोटाने दाबून फोडा. बाहेरचा थर ओला, बुळबुळीत आणि चिवट लागतो. आत मात्र डब्यात होती तशीच कोरडी, भुरभुरीत पावडर निघते. पाच मिनिटं दुधात राहूनही ती भिजलेली नसते. गुठळ्यांबद्दल पुढे जे काही सांगणार आहे, ते या कोरड्या गाभ्याभोवतीच आहे.

पावडरच्या ढिगात दाण्यांपेक्षा मोकळी जागा जास्त असते आणि त्या जागेत हवा असते. पाणी आत शिरायचं तर याच फटींतून शिरणार आणि हवाही त्याच वाटेने बाहेर पडणार. अडचण अशी की प्रथिनाचे दाणे पाणी लागताच फुगतात आणि विरघळू लागतात. बाहेरच्या बाजूचे दाणे क्षणात भिजून एकमेकांना चिकटतात, त्यांचा दाट चिकट थर होतो आणि फटी बुजतात. मग पाणी आत जात नाही आणि हवा बाहेर येत नाही. ही साल एकदा धरली की हाताने ढवळून काही होत नाही, गुठळी नुसती इकडून तिकडे फिरते. म्हणजे गुठळ्या मोडण्यापेक्षा होऊच न देणं सोपं. साल धरायच्या आत पाणी प्रत्येक दाण्यापर्यंत पोचलं पाहिजे. आधी काय ओतायचं आणि ते किती गार असावं, या दोन्ही गोष्टी एवढ्याचसाठी सांभाळायच्या.

रत्नागिरी, मालवण, चिपळूणकडे नव्याने जिमला लागलेल्यांच्या हातात बहुतेक वेळा व्हे कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाच्या पावडरीचा डबा असतो. म्हणून इथे मुख्यतः त्याचंच सांगतो. सोया, वाटाणा आणि दुधातलंच दुसरं प्रथिन केसीन, यांचं शेवटी थोडक्यात येईल.

आधी डबा वाचा

डब्याच्या मागे घटकांची यादी असते. तिच्यात 'लेसिथिन' किंवा 'इमल्सिफायर ३२२' असं लिहिलंय का ते बघा. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये थोडी दुधाची चरबी राहिलेली असते. ही चरबी दाण्याच्या पृष्ठभागावर आली की पाण्याला दूर ठेवते. लेसिथिनच्या रेणूची एक बाजू चरबीला धरते, तर दुसरी पाण्याला. त्यामुळे दाण्यावर त्याचा पातळ थर दिला की पाणी चटकन पसरतं. चांगले उत्पादक याच्या जोडीला आणखी एक काम करतात. ते पिठासारखी बारीक पावडर किंचित ओलावून तिचे सच्छिद्र मोठे दाणे बनवतात. मोठ्या दाण्यांत फटी रुंद असतात, त्यामुळे पाणी आत शिरतं आणि दाणा खाली बसतो.

आपली पावडर कुठल्या प्रकारची आहे ते घरच्या घरी कळतं. पेलाभर साध्या पाण्यावर अर्धा चमचा पावडर हलकेच भुरभुरवा आणि हात लावू नका. अर्ध्या मिनिटात बरीचशी ओली होऊन खाली उतरली, तर ती लवकर भिजणारी पावडर आहे. वरच तवंग धरून कोरडी राहिली, तर तिच्याशी जास्त जपून वागावं लागेल. यात पावडर चांगली की वाईट हा प्रश्न नाही. लेसिथिन नसलेल्या पावडरीतलं प्रथिन तितकंच असतं, फक्त ती भिजायला हट्टी असते.

शेकरमधला क्रम

एका स्कूपला, म्हणजे साधारण ३० ग्रॅम पावडरीला, एकूण २५० मिली द्रव धरू. हा सगळा द्रव एकदम ओतायचा नाही.

पहिल्यांदा शेकरमध्ये साधं पाणी घ्या, साधारण १०० ते १२० मिली. पावडर आधी आणि पाणी नंतर असं बहुतेक नवखे करतात, कारण कोरड्या शेकरमध्ये पावडर मोजून नेणं सोयीचं पडतं. पण तळाशी पावडर असली की वरून पडणारं पाणी फक्त तिचा वरचा पापुद्रा भिजवतं. खालची पावडर तळाच्या कोपऱ्यात दाबली जाते आणि तिथेच तिचा चिकट लगदा होतो. शेकरमधली तारेची गोळी गोल असल्याने त्या कोपऱ्यात पोचतच नाही. प्यायल्यावर तळाशी बोटभर पिवळसर चिखल राहतो तो हाच, आणि ज्याचे पैसे मोजलेत ते प्रथिन त्यातच गेलेलं असतं. जिमला नेताना पावडर वेगळ्या छोट्या डबीत न्या, शेकरमध्ये पाणी घातल्यावरच ती ओता.

पाणी घातलं की तारेची गोळी टाका आणि मग पावडर. स्कूप पालथा करून ढीग टाकू नका. शेकर किंचित तिरका धरून हळूहळू फिरवत पावडर पाण्यावर पसरेल अशी सोडा. ढिगाला बाहेरून पाणी लागतं आणि आत हवा अडकते. पसरलेल्या पातळ थराला खालून सगळीकडून पाणी मिळतं. यात दहा सेकंद जास्त जातात, पण गुठळ्यांचा निम्म्याहून जास्त निकाल इथेच लागतो.

आता झाकण घट्ट लावा आणि लगेच हलवा. फोन आला म्हणून शेकर बाजूला ठेवलात, की तरंगणाऱ्या पावडरीखाली साल धरायला वेळ मिळतो. हलवायचं ते वरखाली, झटके देत, वीस ते तीस सेकंद. नुसतं गोल फिरवल्याने द्रव गोळीसकट फिरतो आणि गुठळ्याही त्याच्याबरोबर फिरतात. वरखाली झटक्यात गोळी मागे राहते, द्रव पुढे जातो आणि मध्ये सापडलेली गुठळी तारेवर चिरडली जाते.

एवढं झालं की उरलेला द्रव घाला: गार दूध, पाणी, हवा तर बर्फ. पुन्हा पाच-सात सेकंद हलवा, झालं.

पहिल्यांदा निम्माच द्रव का, हे नीट समजून घ्या, कारण बाकीच्या पाककृतींत हेच तुम्हाला स्वतःला ठरवावं लागेल. पातळ द्रवात गुठळी मोकळी फिरते, तिच्यावर जोर येत नाही. द्रव थोडा दाट असला की थर एकमेकांवर घासतात आणि मध्ये सापडलेली गुठळी फाटते. १०० मिलीत ३० ग्रॅम पावडर कालवली की पातळ बासुंदीइतका दाटपणा येतो आणि तो या कामाला पुरेसा असतो. मात्र ५० मिलीत तेवढीच पावडर घातली तर लगदा होतो आणि गोळी त्यात रुतून बसते. शेकरचंही एक माप लक्षात ठेवा. तो दोन तृतीयांशाच्या वर कधी भरू नका. वर मोकळी जागा नसेल तर द्रव आदळणार कुठे?

शेवटी दोन मिनिटं शेकर तसाच ठेवा. व्हे फेस धरण्यात पटाईत आहे. हलवताना अडकलेली हवा या दोन मिनिटांत वर येते. फेस गुठळी नव्हे, त्याने काही बिघडत नाही, पण रिकाम्या पोटी हवा पिऊन पोट फुगतं ते टळतं.

पाणी किती गार, किती गरम

आपल्याकडे मे महिन्यात कुणालाही फ्रीजमधलंच दूध हवं असतं, ते साहजिक आहे. पण पावडर भिजवण्यासाठी ते सर्वांत वाईट. त्याची कारणं दोन. पाणी जितकं गार तितकं ते सावकाश वाहतं. पाच अंश सेल्सिअसच्या पाण्याची चिकटता तीस अंशाच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट असते, म्हणून बारीक फटींत ते हळू शिरतं. दुसरं म्हणजे, दाण्यावरची चरबी गारव्याला आणखी घट्ट होते आणि लेसिथिनही आपलं काम मंदपणे करतं. पाणी आत जायला उशीर आणि साल मात्र धरतेच, मग गुठळ्या होणारच. दुधात तर आधीच चरबी आणि केसीन मिसळलेलं असल्याने ते पाण्यापेक्षा दाट असतं, त्यामुळे फ्रीजमधल्या दुधात हा त्रास आणखी वाढतो.

पहिल्या १०० मिलीसाठी पाणी २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असावं. त्यासाठी थर्मामीटर लागत नाही. मनगटावर थेंब टाकला आणि तो ना गार लागला ना गरम, की पाणी योग्य आहे. कोकणात नळाचं किंवा विहिरीचं पाणी वर्षभर साधारण याच पट्ट्यात असतं, हा आपला फायदाच. माठाचं पाणीही चालतं. हवा दमट असल्याने आपल्याकडे माठाचं पाणी देशावरच्यासारखं गारठत नाही, कारण बाष्पीभवन कमी होतं. एकदा पावडर भिजली, साल धरायचा प्रश्न संपला, की मग हवं तेवढं गार दूध आणि बर्फ घाला. भिजलेल्या प्रथिनाला गारव्याने पुन्हा गुठळ्या येत नाहीत. गार शेक पिण्यात काहीच चूक नाही. पावडरची पहिली गाठ तेवढी गार द्रवाशी पडू देऊ नका.

आता दुसरं टोक. कोमट पाण्यात लवकर भिजतं, तर गरम पाण्यात आणखी लवकर भिजेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. व्हेच्या बाबतीत ते खोटं ठरतं. व्हेमधलं मुख्य प्रथिन बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. त्याचा धागा स्वतःभोवती घट्ट घडी घालून बसलेला असतो. साधारण सत्तर अंशांच्या आसपास ती घडी उलगडू लागते. आत लपलेले गंधकाचे टोक उघडे पडतात, शेजारच्या रेणूंना पकडतात आणि न विरघळणारे पांढरे कण तयार होतात. हे कण फोडून बघा, आत कोरडी पावडर नसते. आतबाहेर सारखेच, ओले आणि रवाळ. यांना कितीही हलवा, गाळा, मिक्सरला लावा, ते फक्त बारीक होतील, विरघळणार नाहीत. त्यातलं प्रथिन वाया जात नाही, शरीराला ते मिळतंच, पण घशाखाली उतरताना रवाळ लागतं आणि लोक ओतून देतात.

म्हणून गुठळी फोडून बघण्याची सवय लावा. आत कोरडं असेल तर पावडर भिजण्याआधी बुजली, म्हणजे क्रम चुकला किंवा द्रव फार गार होता. आत ओलं आणि रवाळ असेल तर द्रव फार गरम होता. दोन्हीवरचे उपाय नेमके उलटे आहेत, त्यामुळे न बघता उपाय करू नका.

मिरकरवाड्यातल्या मुलाचा पेला

आमच्या जिममध्ये मिरकरवाड्याचा एक मुलगा नव्याने यायला लागला. पहाटे जेटीवर काम, संध्याकाळी व्यायाम. त्याच्याकडे शेकर नव्हता. तो घरी स्टीलच्या पेल्यात फ्रीजमधलं दूध घ्यायचा, वर एक स्कूप पावडर टाकायचा आणि चमच्याने ढवळायचा. "दादा, अर्धी पावडर वरच राहते. डबा बनावट आहे का?" असं त्याने विचारलं. मी त्याला म्हटलं, उद्या पेला आणि दूध घेऊन ये, इथेच बघू.

त्याने नेहमीसारखंच केलं. पावडर दुधावर पांढऱ्या टेकाडासारखी बसली. चमचा फिरवला तसे तिचे तुकडे पडले आणि प्रत्येक तुकडा गोटीएवढा होऊन पेल्याच्या कडेने फिरू लागला. एक गोटी फोडली, आत कोरडी. डबा बनावट नव्हता. वर तपासणीसाठी सांगितलं तसं पावडर साध्या पाण्यावर भुरभुरवून पाहिली, तर ती बऱ्यापैकी लवकर खाली उतरली. म्हणजे दोष गार दुधाचा, ढिगाचा आणि चमच्याचा होता.

शेकर नसेल तेव्हा क्रम उलटा करायचा, हे इथे त्याला दाखवलं. रिकाम्या पेल्यात आधी पावडर, मग साधं पाणी फक्त तीन-चार मोठे चमचे, म्हणजे ५० मिलीच्या आसपास. चमच्याच्या पाठीने पेल्याच्या कडेला दाबत दाबत कालवायचं, जोवर एकही कोरडा ठिपका दिसत नाही आणि गुळगुळीत लगदा होत नाही. साधारण मिनिटभर लागतो. मग आणखी दोन चमचे पाणी घालून तो सैल करायचा आणि त्यानंतर गार दूध थोडं थोडं ओतत ढवळायचं. त्याच्या पेल्यात एकही गुठळी राहिली नाही.

शेकरमध्ये आधी पाणी आणि पेल्यात आधी पावडर, हे ऐकून तो गोंधळला. गोंधळायचं कारण नाही. शेकरमध्ये मारा गोळीचा असतो, त्यासाठी द्रव वाहता हवा आणि तळाचा कोपरा मोकळा हवा. पेल्यात मारा चमच्याच्या पाठीचा असतो आणि चमचा लगद्यातच गुठळ्या चिरडू शकतो, पातळ दुधात त्या त्याच्या हाती लागत नाहीत. चमच्याऐवजी घरात छोटी रवी असेल तर फारच उत्तम. लगदा सैल केल्यावर रवीने घुसळलं की शेकरची उणीव भासत नाही.

मिक्सरही चालतो, पण तो भांडंभर फेस करतो. केळं किंवा आंब्याचा रस घालायचा असेल तर मिक्सरमध्ये आधी पाणी आणि पावडर पाच सेकंद फिरवा, मग फळ. हापूसच्या घट्ट रसात थेट पावडर टाकली तर तिला भिजायला मोकळं पाणीच मिळत नाही आणि रसात कोरडे ठिपके राहतात.

गरम कॉफीत किंवा दुधात हवं असेल तर

पावसाळ्यात, हवेत गारवा आला की गरम कॉफीत व्हे घालायची इच्छा होते. ते जमतं, पण ओतण्याची दिशा महत्त्वाची आहे.

आपल्याकडे कुळथाची पिठी करताना पीठ आधी गार पाण्यात कालवतात आणि मग ते उकळत्या पाण्यात सोडतात. पहिला अर्धा भाग व्हेलाही जसाच्या तसा लागू आहे: आधी साध्या पाण्यात कालवा. दुसरा अर्धा मात्र उलटा करायचा. कुळथाच्या पिठातल्या स्टार्चला उकळत्या पाण्यात फुलवून दाट करायचं असतं, तर व्हेला शिजू द्यायचं नसतं. कालवलेलं व्हे गरम कॉफीत ओतलंत, तर पहिली धार ऐंशी अंशांच्या कॉफीत पडते आणि तिथल्या तिथे शिजून तिचे कण होतात. उलट कॉफीच कालवलेल्या व्हेमध्ये बारीक धारेने, ढवळत ढवळत ओतली, तर मिश्रण कमी तापमानापासून हळूहळू तापत जातं आणि शेवटच्या तापमानाच्या वर कधी जात नाही.

आता शेवटचं तापमान किती होईल, याचा हिशेब करू. १०० मिली कालवलेलं व्हे २८ अंशांचं आणि १५० मिली कॉफी ८० अंशांची. २८ गुणिले १०० म्हणजे २८००, ८० गुणिले १५० म्हणजे १२०००. बेरीज १४८००, भागिले २५० मिली. उत्तर येतं ५९ अंश. हे सुरक्षित आहे, प्यायलाही छान गरम. कॉफी नुकतीच उकळलेली, ९५ अंशांची असती तर तोच हिशेब ६८ वर जातो, म्हणजे कण पडायच्या उंबरठ्यावर. कप त्यातली थोडी उष्णता खातो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कॉफी उकळल्यावर चार-पाच मिनिटं थांबा, मग ओता.

आणि हे सगळं उघड्या कपात, चमच्याने किंवा रवीने करा. गरम द्रव शेकरमध्ये घालून झाकण लावू नका. हलवल्यावर आतली हवा तापते, वाफ वाढते, दाब येतो आणि झाकण उडून हात-तोंड भाजू शकतं.

जुलैमध्ये तीच पद्धत का फसते

जूनपासून सप्टेंबरपर्यंत किनाऱ्यावर हवा इतकी दमट असते की मीठसुद्धा पाणी सोडतं. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज ही दुधाची साखर असते आणि पावडर झटकन वाळवलेली असल्याने ती साखर ओलावा ओढून घेणाऱ्या रूपात असते. डबा उघडला, पावडर काढली, गप्पा मारल्या आणि मग झाकण लावलं, असं रोज झालं की साखर ओलावा शोषून चिकट होते आणि दाणे एकमेकांना जुळतात. डब्यातच खडे होतात. या खड्यांचा शेकमधल्या गुठळ्यांशी गोंधळ करू नका. पण संबंध आहे: दाणे जुळले की त्यांच्यातल्या फटी बुजतात आणि पावडर भिजण्याचा तिचा मूळ गुण गमावते. म्हणून मे महिन्यात नीट विरघळणारा तोच डबा जुलैमध्ये, तुमचा क्रम आणि पाणी बरोबर असूनही, गुठळ्या धरतो.

खडा बोटांत चिरडला आणि कोरडा भुगा झाला, तर पावडर वापरण्याजोगी आहे. रव्याच्या चाळणीतून चाळून घ्या आणि शेकर दहा सेकंद जास्त हलवा. खडा चिकट लागला, रंग पिवळट-तपकिरी झाला, खवट किंवा कुबट वास आला किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर डबा टाकून द्या, चाळत बसू नका.

टाळायचं कसं? पावसाळ्यात मोठी पिशवी घेऊ नका, एक किलोचा डबा पुरे. आठवड्यापुरती पावडर घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत काढून ठेवा आणि मोठा डबा पुन्हा पुन्हा उघडू नका. आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका. ओला स्कूप डब्यात जाऊ देऊ नका. आणि डबा फ्रीजमध्ये ठेवू नका, हे खास सांगतो, कारण बरेच जण काळजीपोटी तेच करतात. फ्रीजमधून काढलेला गार डबा आपल्या दमट हवेत उघडला की पावडरीवर थेट दव धरतं. स्वयंपाकघरातलं गॅसपासून आणि सिंकपासून लांबचं बंद कपाट त्याहून कितीतरी बरं.

आंबट पेय आणि इतर पावडरी

कोकम सरबतात व्हे घालून पाहणारे आपल्याकडे भेटतातच. दूध घातलेल्या शेकमध्ये कोकम घालू नका. कोकमाच्या आंबटपणाने दुधातलं केसीन फाटतं आणि पेल्यात पांढरे कण दिसतात. हे कण तापमानाने किंवा क्रमाने जात नाहीत, कारण तिथे दोष आंबटपणाचा आहे. कोकमाबरोबर घ्यायचंच असेल तर दुधाशिवाय, साध्या पाण्यात व्हे आयसोलेट आधी पूर्ण कालवा आणि मग सरबत घाला. आयसोलेटमध्ये चरबी आणि लॅक्टोज कमी असल्याने ते कॉन्सन्ट्रेटपेक्षा हलकं लागतं, आणि व्हेची प्रथिनं आंबट पाण्यात केसीनसारखी फाटत नाहीत. सोया मात्र आंबटात साकळून तळाशी बसतं, ते कोकमात घालू नका.

सोया आणि वाटाण्याच्या पावडरीत काही कण विरघळतच नाहीत, नुसते पाण्यात फुगून राहतात. त्यामुळे तळाशी थोडी रेव बसणं हा तुमच्या हाताचा दोष नव्हे. त्यांना पाणी जास्त लागतं, ३० ग्रॅमला ३०० मिली तरी घ्या. एकदा हलवा, पाच-दहा मिनिटं ठेवा आणि पिण्याआधी पुन्हा हलवा. या वेळात कण आतपर्यंत भिजतात आणि जिभेला खरखर कमी लागते.

केसीन त्याहून सावकाश भिजतं आणि भरपूर पाणी धरून दाट होत जातं. त्याला थंड पाणी व्हेपेक्षाही जास्त नडतं. व्हेसारखं ते गरमीने पटकन फाटत नाही, म्हणून पहिल्या भागासाठी ४० अंशांच्या आसपासचं कोमट पाणी घ्या. दहा मिनिटं थांबलात की पेय खिरीसारखं दाट होतं. हे बिघडलंय असं समजून ओतून देऊ नका, केसीन असंच असतं. पातळ हवं असेल तर आणखी पाणी घाला.

कुठलीही पावडर असो, तयार शेक आपल्या उकाड्यात एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. पिऊन झाल्यावर शेकर आणि तारेची गोळी लगेच धुवा. सुरुवातीला साध्या पाण्याने विसळा, कारण उकळतं पाणी घातलं तर कडेला राहिलेलं व्हे शिजून प्लास्टिकला घट्ट चिकटतं. नंतर साबण आणि ब्रशने घासा, झाकणाच्या आतल्या खाचेतही ब्रश फिरवा, आणि झाकण न लावता शेकर उपडा ठेवून वाळू द्या.